चहा पाजून दिलेला होकार

आळेफाट्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हणायची वेळ आली की आधी चहा मागवतात, घरच्यांची खुशाली विचारतात, पाऊसपाण्याचं बोलतात आणि शेवटी "करू की, आपल्या माणसाला न्हाई म्हनतो व्हय?" असं म्हणून पाठीवर हात ठेवतात. समोरचा खूश होऊन घरी जातो आणि काम तिथंच राहतं. ही रीत तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोरी बुद्रुकच्या सावळारामभाऊंची सून वृषाली हिलाही ती चांगली ठाऊक होती. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ठाऊक असलेलं नेमकं त्याच वेळी आठवत नाही.

वृषालीला हवा होता तिचा नवरा. तो काही हरवला नव्हता. समर्थ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता, पर्मनंट होता, तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होता आणि दर शनिवारी बोरीला येतो म्हणून सांगत होता. त्यातले निम्मे शनिवार तो यायचा. उरलेल्या शनिवारी ओव्हरटाइम निघायचा, नाहीतर मशीन बंद पडायचं, नाहीतर कुणाचं लग्न. वृषाली मात्र सगळ्याच शनिवारी संध्याकाळी भाकरी दोन जास्तीच्या थापायची. सासू बयाबाई त्या भाकरी रविवारी सकाळी दुधात कुस्करून खायची.

लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी समर्थ म्हणाला होता, "दोघांपुरती खोली बघतो." दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी वृषालीने खोलीचं विचारणं सोडलं आणि मंचरच्या एका कॉलेजात व्यवस्थापनाच्या कोर्सला नाव घातलं. घरात बसून वाट बघण्यापेक्षा वर्गात बसून बघू, एवढाच त्यात विचार होता. शेवटच्या सत्रात प्रकल्प नियोजनाचा विषय आला. बाणखेले सरांनी प्रत्येकाला एक नवा धंदा निवडायला सांगितला. त्याची बाजारपेठ आहे का, तो तांत्रिकदृष्ट्या जमेल का आणि पैशाच्या हिशेबात टिकेल का, या तीन बाजूंनी व्यवहार्यता अहवाल लिहायचा होता.

वृषालीने निवडली तयार ग्रेव्ही. कांदा घरचा, टोमॅटो पलीकडच्या नारायणगावच्या बाजारातला आणि गिऱ्हाईक म्हणजे आळेफाट्यापासून मंचरपर्यंत हायवेवर ओळीने उभी असलेली हॉटेलं. रोज सकाळी प्रत्येक हॉटेलात कांदा चिरून, परतून, टोमॅटो शिजवून, वाटून ग्रेव्ही होते. तीच एका जागी करून पाकिटातून पोचवली तर? आठ दिवस ती या कल्पनेवरच जगली. समर्थ आला तेव्हा तिने त्याला ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं.

"लई भारी," समर्थ म्हणाला. "रिपोर्ट बसला ना, की मी राजीनामा देतो. गाडी मी चालवीन, हॉटेलांची लाइन मी बघीन. तू कारखाना सांभाळ."

"खरंच याल?"

"आता आपलाच धंदा म्हणल्यावर न्हाई कशाला येईन?"

त्या क्षणापासून कोर्सच्या गुणांशी वृषालीचं काही देणंघेणं राहिलं नाही. अहवाल बसला की नवरा घरी येणार होता. दारात त्याच्या चपला रोज दिसणार होत्या, मोरीत त्याचा साबण ओला असणार होता. एवढ्या साध्या गोष्टींसाठी बाई इतकी आसुसते, हे सांगितलं तर लोक हसतील म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नाही.

बाजारपेठेपासून सुरुवात केली. प्रश्नावली छापून घेतली आणि आळेफाट्याला हॉटेल हॉटेल फिरली. कुठंही गेली तरी पहिला प्रश्न तिलाच यायचा, "कोनाच्या तुमी?" सावळारामभाऊंची सून म्हटल्यावर खुर्ची पुसली जायची, चहा यायचा. मग ती विचारायची, चांगली ताजी ग्रेव्ही रोज दारात मिळाली तर घ्याल का? घेऊ की. का न्हाई घेणार? आपल्या गावची लेकबाळ काहीतरी करतीय, मग घ्यायला नको? चोवीस हॉटेलांपैकी बावीस जणांनी होकार दिला. उरलेल्या दोघांपैकी एकाचं हॉटेल विकायला काढलं होतं आणि दुसऱ्याला ऐकू कमी यायचं. तिठ्यावरच्या जुन्या हॉटेलाचे मालक इस्माईलभाईंनी तर चहाबरोबर प्लेटभर भजी दिली आणि "बेटा, पहिली ऑर्डर आमची लिहा" म्हणाले.

त्या दिवशी ती एसटीत उभी राहून घरी आली, पण पाय दुखले नाहीत. एका हॉटेलाला दिवसाला आठ किलो धरली तरी बावीस हॉटेलांची एकशे शहात्तर किलो होत होती. तिने समर्थला फोन करून आकडा सांगितला. तो म्हणाला, "वा." मागून मशीनचा आवाज येत होता.

बाणखेले सरांनी प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बावीस जणांनी हो म्हटलं. चहा किती जणांनी पाजला?"

"सगळ्यांनीच."

"मग तू मागणी मोजली नाहीस, पाहुणचार मोजलास." सर मंचरचेच होते. त्यांनाही असा चहा मिळालेला असणार. "घ्याल का, हा प्रश्नच विचारायचा नाही. नमुना दे, भाव सांग आणि विचार, किती घेणार, कुठल्या वारापासून आणि आत्ता आगाऊ काय देता? या तिन्हीचं उत्तर जो देईल तोच तुझं गिऱ्हाईक. बाकीचे तुझे पाहुणे."

वृषालीला सरांचा राग आला. आपल्या माणसांवर असा संशय घ्यायचा म्हणजे काय? पण अहवालावर सही सरांचीच लागणार होती. तिने घरच्या चुलवणावर मोठी कढई ठेवली, बयाबाईला कांदा चिरायला बसवलं आणि पाकिटं भरून हॉटेलांना वाटली. पहिला आठवडा फुकट होता. सगळ्यांनी घेतली, वरून कौतुक केलं.

दुसऱ्या आठवड्यात ती भाव घेऊन गेली. किलोला एकशे दहा रुपये. किती देऊ, कुठल्या वारापासून, आगाऊ काय देता?

चहा आला. नेहमीपेक्षा गोड होता. एकाचा भाऊ बाहेरगावी गेला होता, तो आल्याशिवाय सांगता येत नव्हतं. एकाचा फ्रीज बिघडला होता. एकाला श्रावण संपू द्यायचा होता. कुणीही नाही म्हणालं नाही आणि कुणीही पाकीट घेतलं नाही. पैसे काढून दिले ते फक्त चौघांनी, आणि ती हॉटेलंही म्हणायला नकोत. दोन पावभाजीच्या गाड्या, एक मिसळीचं दुकान आणि ओतूरच्या रस्त्याला नवरा-बायको मिळून चालवत होते तो ढाबा.

इस्माईलभाईंकडे ती सगळ्यात शेवटी गेली. त्यांनीही पोराला चहासाठी हात केला, तेव्हा वृषाली म्हणाली, "भाई, चहा नको. मला खरं सांगा."

इस्माईलभाईंनी हात खाली घेतला. जरा वेळ गल्ल्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "बेटा, ग्रेव्ही तुझी चांगली हाय. पन माझा आचारी भागू वस्ताद हाय ना, त्यानं पाकीट बघितलं आन् एप्रन काढून ठेवला. म्हनला, ग्रेव्ही भायेरून येनार आसंल तर मी कशाला? गिऱ्हाईक इथं थांबतं ते त्याच्या हाताच्या चवीला. वस्ताद गेला तर दुसरा गावंल, पन चव गावायची न्हाई. हितं सगळ्यांचं तसंच हाय. मालक हो म्हनतो, पन ग्रेव्ही मालकाच्या हातात नसती."

"मग त्या दिवशी पहिली ऑर्डर लिहा म्हणालात ते?"

"तू उन्हातून आलीवतीस. सावळारामभाऊंची सून. तोंडावर कसं न्हाई म्हनायचं?" ते अवघडून हसले. "आज म्हनतो. न्हाई जमनार, बेटा. तू माझ्या रुक्सानासारखी, म्हनून म्हनतो. दुसरं कोन आसतं तर अजून महिनाभर चहा पाजला आसता."

वृषाली बाहेर आली. तिला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याशी बोललं, असं वाटलं. वाईट वाटलं ते एसटीत बसल्यावर, कारण आकडा आता एकशे शहात्तर नव्हता. चार खऱ्या गिऱ्हाइकांचे मिळून दिवसाला पंचवीस किलो होत होते.

तांत्रिक बाजूनेही फार दया दाखवली नाही. मिसळवाल्याने पाकीट फ्रीजबाहेर ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी ते फुगून उशीसारखं झालं. नुसत्या टोमॅटोचा रस त्याच्या आंबटपणावर बाटलीत टिकतो, पण त्यात कांदा पडला की आंबटपणा उतरतो आणि नुसतं गरम भरून भागत नाही. मग एकतर पाकीट दाबाखाली वाफवून काढणारं यंत्र घ्या, नाहीतर बनवल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत गोठवलेलं ठेवा. वाफेचं यंत्र एका दमात जेवढा माल काढायचं तेवढा आळेफाटा आठवडाभर खाणार नव्हता. म्हणजे मोठे फ्रीझर आणि थंड पेटीची गाडी. शेताकडे तीन फेजची वीज पाळीने येते, तेव्हा कारखाना गावठाणातच हवा. हे सगळं जमण्यासारखं होतं. फक्त स्वस्तात जमण्यासारखं नव्हतं.

राहिली आर्थिक बाजू. एका दुपारी बयाबाई शेजारी गेली असताना वृषाली लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली. किलोमागे कांदा, टोमॅटो, तेल, गॅस, पाकीट, पोचवणं जाऊन छत्तीस रुपये उरत होते. गाडी, दोन बायांचा पगार, वीज, कर्जाचं व्याज आणि समर्थने चाकणचा पगार सोडून यायचं तर त्याच्यासाठी धरलेली रक्कम, असा महिन्याचा बांधील खर्च एक लाख आठ हजार येत होता. ना नफा ना तोटा या जागी पोचायलाच रोज शंभर किलो विकायला हवी होती. विकली जाणार होती पंचवीस. टोमॅटो महागला तर किलोमागे वीसच रुपये उरायचे आणि मग रोजची एकशे ऐंशी किलो लागायची. म्हणजे सगळ्या पाहुण्यांनी खरंच पाकिटं घेतली असती तरी त्या वर्षी पुरलं नसतं.

शीटमधला शेवटचा आकडा लाल होता. वृषाली त्याच्याकडे बघत बसली. मग मागणीच्या चौकोनात जाऊन तिने पंचवीस पुसलं आणि एकशे दहा लिहिलं.

लाल आकडा काळा झाला. इतकं सोपं होतं. सर विचारतील तर सांगता येईल, दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक वाढेल, नारायणगाव धरलं, संगमनेरची बाजू धरली. समर्थ तर विचारणारही नाही. तो राजीनामा देईल. तिने डोळे मिटले आणि अंगणात मोटारसायकल लावल्याचा आवाज ऐकला, ताट वाढलं, त्याने पाण्याचा तांब्या मागितला. किती साधं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, बघायला कुणी नव्हतं.

पण एकदा डोळे मिटलेच होते तर पुढचंही दिसलं. समर्थ थंड पेटी घेऊन हॉटेलाच्या दारात उभा आहे. त्याला खुर्ची पुसून देतात, चहा मागवतात, भाऊ आल्यावर सांगतो म्हणतात. एका हॉटेलातून दुसऱ्यात, चहावर चहा. पाकिटं तशीच घेऊन तो घरी येतो. आपल्या माणसाला त्या खुर्चीवर बसवायचं तिच्याने होईना.

तिने एकशे दहा पुसून पंचवीस लिहिलं. मग पर्याय म्हणून छोटं रूप मांडलं. घरचंच स्वयंपाकघर, एक फ्रीझर, गाडी नाही, कर्ज नाही, छोट्या धंद्याची अन्न परवान्याची नोंदणी आणि ती चार गिऱ्हाइकं. ते बसलं. निष्कर्षात तिने लिहिलं की प्रस्तावित आकाराचा प्रकल्प व्यवहार्य नाही. घरगुती प्रमाणात एका व्यक्तीचा चरितार्थ चालेल, दोघांचा नाही. शेवटचे शब्द तिने दोनदा वाचले, पण खोटं काहीच नव्हतं. सरांनी वाचून सही केली आणि एवढंच म्हणाले, "असा अहवाल लिहायला धाडस लागतं." त्यांना काय ठाऊक.

समर्थ त्या आठवड्यात आला. जेवणं झाल्यावर तिने छापलेला अहवाल त्याच्यापुढे ठेवला. त्याने पहिली पानं भराभर उलटली आणि शेवटचं सावकाश वाचलं.

"न्हाई बसला," वृषाली म्हणाली.

"अरेरे," समर्थ म्हणाला. "लई वाईट झालं. मी तर तयारीतच व्हतो."

आणि त्याचे खांदे खाली आले. दिवसभर पाठीवर असलेलं पोतं उतरवल्यावर येतात तसे. तो एकदम मोकळा बसला, सुपारी मागितली, आईला म्हणाला यंदा कांदा चांगला साधलाय. वृषाली त्याच्याकडे बघत राहिली. हा चेहरा तिने कुठंतरी बघितला होता. किती घेणार विचारल्यावर ज्याचा फ्रीज बिघडला होता, त्याला तिने "राहू द्या मग" म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा असाच मोकळा झाला होता.

चार वर्षं ती प्रश्नच चुकीचा विचारत होती.

रविवारी दुपारी ती त्याला गाडीत बसवायला आळेफाट्याला गेली. नेहमी सासरे सोडायचे, पण बाजारातून रिकामी पाकिटं आणायचीत म्हणून ती निघाली. स्टँडवर पुण्याची गाडी लागायची होती. दोघं बाकावर बसली.

"एक विचारू?" वृषाली म्हणाली. "रिपोर्ट बसला आसता, तर राजीनामा कुठल्या तारखेला दिला आसता?"

"दिला आसता की."

"तारीख विचारते."

समर्थ रस्त्याकडे बघायला लागला. नाशिककडून कांद्याचे ट्रक येत होते. "चहा घेतीस का?" तो म्हणाला.

"चहा नको. एकदा न्हाई म्हना. मी रागावनार न्हाई. इस्माईलभाई म्हनले, तसं म्हना."

तो ट्रककडेच बघत म्हणाला, "न्हाई दिला आसता." आणि एकदा बांध फुटल्यावर बाकीचंही आलं. मशीनचं सेटिंग त्याला आवडतं. लाइन बंद पडली की साहेब त्यालाच हाक मारतात. गावात त्याला सावळारामभाऊंचा पोरगा म्हणतात, तिथं समर्थ म्हणतात. कांद्याचा वास आला की बारावीनंतरची दोन वर्षं आठवतात, साठवणीच्या चाळीत कांदा निवडत काढलेली. "तू इतकी खूश व्हतीस," तो म्हणाला. "तुला कसं न्हाई म्हनायचं?"

"आन् खोली?"

"खोली बघितली व्हती. दोनदा. डिपॉझिट भरायची येळ आली की आईचा गुडघा आठवायचा. तिला काय सांगू, सून घेऊन चाललो म्हनून? तिलाबी न्हाई म्हनता येत न्हाई मला."

वृषालीला वाटलं होतं हे ऐकून आपण मोडून पडू. दुखलं, खूप दुखलं. तिला त्याचा हात धरावासा वाटला, चार वर्षांपासून वाटत होता तसाच, आणि तो स्टँडवर धरता येत नाही म्हणून तिने पिशवीचा बंद धरला. पण समर्थ शेजारी बसला होता. आजवर येत होता तो तिचा पाहुणा होता. हा वेगळा होता, आणि या माणसाबरोबर राहावंसं तिला आधीपेक्षा जास्त वाटलं.

"आईंना मी सांगंन," ती म्हणाली. "तुमी नुसतं शेजारी बसा."

तो हो म्हणाला नाही. विचार करतो, असंही म्हणाला नाही. त्याने फक्त मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ काय ते त्यालाही नीट कळलं नसावं.

गाडी आली. समर्थ चढला, खिडकीची जागा धरली. एरवी तो इथं हात हलवून म्हणायचा, "येतो शनिवारी." वृषाली त्याच वाक्याची वाट बघत उभी राहिली, सवयीने. इस्माईलभाईंच्या हॉटेलातून कांदा परतल्याचा वास येत होता. भागू वस्ताद कामाला लागला होता.

समर्थने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "या शनिवारी न्हाई जमायचं," तो म्हणाला. "दुसरी शिफ्ट हाय. त्याच्या पुढच्या शनिवारी येतो."

गाडी निघून गेली. वृषाली घरी आली. त्या शनिवारी तिने भाकरी मोजून थापल्या आणि पुढच्या शनिवारी दोन जास्तीच्या. दोन्ही वेळा तिचा अंदाज चुकला नाही.